आयटीआयच्या व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र: प्रमाणपत्र नेमकं कुणाला अवघड जायला हवं?

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
संस्था व्यवस्थापन समिती,
औद्योगिक प्रशिक्षण संस्था, विदर्भातील ग्रामीण तालुके

विषय: इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारात वजन राहावं यासाठी तालुका पातळीवर करता येण्याजोगी चाचणी

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहितो आहोत, त्याला कारण आहे. तुमच्या समितीचा अध्यक्ष उद्योगातला असतो आणि सदस्य-सचिव संस्थेचे प्राचार्य असतात. म्हणजे प्रमाणपत्रासाठी पोरं तयार करणारा आणि तेच प्रमाणपत्र बघून त्यांना कामावर घेणारा, असे दोघंही एकाच टेबलाशी बसतात. अशी जागा राज्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल. प्रमाणपत्राचं वजन का घटतं आणि ते कसं वाढवता येतं, हा प्रश्न या दोघांनी मिळूनच सुटण्यासारखा आहे.

एका जागेपासून सुरुवात करू. जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम तोंडावर आलाय आणि कारखान्याला देखभालीसाठी एक इलेक्ट्रिशियन हवा आहे. अर्ज आले समजा 60. प्रत्येकाला स्टार्टरसमोर उभं करून काम बघायचं म्हटलं तर माणशी 45 मिनिटं लागतात, म्हणजे एकूण 45 तास. देखभाल बघणाऱ्या इंजिनीअरचा अख्खा आठवडा त्यातच जाईल, आणि तोही गाठी बांधायची घाई असताना. असा वेळ कुणी देत नाही. म्हणून आधी कागद बघितला जातो, त्यावरून दहा-बारा नावं काढली जातात आणि मग बोलावणं जातं. नोकरी देणाऱ्याला कागदाचा मोह असतो असं नाही. ज्याचं काम डोळ्यांनी बघता येत नाही, त्याच्याबद्दल अंदाज बांधायला त्याच्या हाती त्या घडीला दुसरं काहीच नसतं.

तो अंदाज फक्त वायरिंग येतं का, एवढ्यापुरता नसतो. आयटीआयचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, म्हणजे पोरगा एका चाळणीतून आधीच आलेला असतो. 80 टक्के हजेरी लागते, म्हणजे दोन वर्षं तो वेळेवर येत होता. शेवटची परीक्षा देऊन तो बाहेर पडला, म्हणजे हाती घेतलेलं काम अर्ध्यावर टाकत नाही. यातलं काहीही अभ्यासक्रमाच्या पुस्तकात नाही, तरी नोकरी देणारा पैसे मोजतो ते यासाठीसुद्धा. शिकल्यामुळे अंगी आलेलं कौशल्य ही एक गोष्ट झाली, आणि मुळात हा माणूस कसा आहे याची खूण ही दुसरी. प्रमाणपत्र दोन्हींचं काम करतं, आणि कुठलं किती करतं हे ट्रेडनुसार बदलतं.

दुसरी गोष्ट खरोखर अस्तित्वात आहे हे अर्थशास्त्रज्ञांनी आकड्यांतून दाखवलंय. पगार फक्त शिकलेल्या गोष्टींचाच मिळत असता, तर शिक्षणाच्या प्रत्येक वर्षाबरोबर तो साधारण सारखा वाढत गेला असता. हंगरफोर्ड आणि सोलोन यांनी 1987 मध्ये अमेरिकेतले पगार तपासले, तेव्हा पदवी हातात येते त्या वर्षी नेहमीच्या वर्षापेक्षा मोठी उडी दिसली. त्या एका वर्षात शिकवणं काही अचानक दुप्पट चांगलं होत नाही. फरक पूर्ण केल्याचा असतो. आपल्याकडे हेच ज्याचा एक विषय राहिलाय त्याच्या बाबतीत दिसतं. दोन वर्षं तो सगळ्यांच्याच बरोबर शिकला, हातही चांगला बसला, पण एका लेखी विषयात अडकला आणि प्रमाणपत्र निघालं नाही. कारखान्याच्या गेटवर त्याची गिनती हेल्परमध्ये होते.

खूण कधी खरी ठरते याची अट मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये मांडली. पुढे 2001 मध्ये त्यांना अकेरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अट अशी की, ती खूण मिळवणं लायक माणसाला स्वस्त आणि नालायक माणसाला महाग पडलं पाहिजे. खर्च म्हणजे नुसते पैसे नव्हेत. वेळ, मेहनत, पुन्हा पुन्हा परीक्षेला बसणं, हे सगळं त्यात आलं. ज्याला विषय कळतो तो चार महिन्यांत तयार होतो. ज्याला कळत नाही त्याला वर्षभर घासावं लागतं आणि तरी खात्री नसते. हा फरक पुरेसा मोठा असेल तर दुसरा आपणहून बाजूला होतो, आणि प्रमाणपत्र हातात असणं हाच पुरावा ठरतो. स्पेन्स यांच्या मांडणीत शिक्षणाने कामाची कुवत तिळभर वाढली नाही असं धरलं, तरीसुद्धा हा हिशेब जुळतो. आयटीआयमध्ये काहीच शिकवलं जात नाही, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. एवढंच म्हणतो की चांगलं शिकवूनही खूण खोटी पडू शकते, आणि मग चांगल्या शिकवण्याचा पैसा पोरांच्या हाती येत नाही.

आता हीच अट विदर्भातल्या तालुक्याला लावून बघू. पुढचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या भागातले घालून हाच हिशेब तुम्हाला करता येईल.

समजा प्रमाणपत्र असलेल्याला महिन्याला 18,000 मिळतात आणि नसलेल्याला 12,000. फरक 6,000 चा. घरची परिस्थिती अशी की दोन वर्षांच्या कमाईपलीकडचा हिशेब धरणं परवडत नाही. म्हणजे प्रमाणपत्राचा फायदा झाला 1,44,000 रुपये. आता दोन पोरं घ्या. पहिला तालुक्याच्या गावातच राहतो, घरून डबा नेतो, हात मात्र कच्चा आहे. त्याचे दोन वर्षांत सगळे मिळून 60,000 जातात. दुसरी मुलगी 40 किलोमीटरवरच्या गावातली आहे, हात चांगला आहे. शेवटची एसटी लवकर सुटते, म्हणून खोली घ्यावी लागते. खोली आणि मेस मिळून महिन्याला 4,000, दोन वर्षांचे 96,000. त्यात सवंगणी आणि कापूस वेचणीतली मजुरी बुडते, ती महिन्याला सरासरी दहा दिवस, 300 रुपये रोजाने धरली तर 72,000. बेरीज 1,68,000. कच्च्या हाताच्या पोराला प्रमाणपत्र परवडतं, चांगल्या हाताच्या मुलीला परवडत नाही. ती पहिल्या वर्षानंतर कधीतरी येणं थांबवते, आणि संस्थेच्या रजिस्टरवर तिच्या नावापुढे गळती असा शेरा पडतो.

आमच्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथंच आहे. खर्चातला फरक कुवतीमुळे पडायला हवा होता, तो गावाच्या अंतरामुळे आणि घरच्या वावरामुळे पडतो आहे. कागद बघून नोकरी देणाऱ्याला वाटतं की आपण चिकाटी मोजतो आहोत. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा तो एसटीचं वेळापत्रक मोजत असतो.

दुसऱ्या बाजूने खर्च कमी पडतो, तोही नको तिथे. परीक्षेचा लेखी भाग आता संगणकावर होतो आणि तो देशभर सारख्या पद्धतीचा असतो, पण तिथे उत्तीर्ण व्हायला 33 टक्के पुरतात. प्रात्यक्षिकाला 60 टक्के लागतात, मात्र ते गुण संस्थेच्या आवारातच ठरतात आणि परीक्षक बहुधा ओळखीतला निदेशक असतो. तुमच्या संस्थेचे गेल्या तीन वर्षांचे प्रात्यक्षिकाचे गुण एकदा एका कागदावर उतरवून बघा. जवळपास सगळी तुकडी 80 ते 95 च्या पट्ट्यात बसत असेल, तर त्या गुणांतून नोकरी देणाऱ्याला काहीही कळत नाही. निदेशकांना दोष देण्यात अर्थ नाही. निकाल कमी लागला तर विचारणा त्यांनाच होते, आणि ज्या पोराला दोन वर्षं रोज बघितलं त्याला नापास करताना हात जड होतो.

सगळ्यांना पास केल्याने कुणाचं नुकसान होतं, हे पुन्हा त्या 60 अर्जांवर मोजू. धरून चाला की 60 पैकी 24 जणांना काम खरंच येतं आणि 36 जणांना येत नाही. पहिलं प्रमाणपत्र असं आहे की येणाऱ्यांतले 23 आणि न येणाऱ्यांतले 33 पास होतात. प्रमाणपत्रधारक झाले 56, त्यांतले कामाचे 23, म्हणजे शंभरात 41. प्रमाणपत्र न बघता डोळे मिटून चिठ्ठी उचलली असती तरी शंभरात 40 मिळालेच असते. दोन वर्षं, एवढा खर्च, आणि अंदाजात फरक पडला एका टक्क्याचा. दुसरं प्रमाणपत्र कडक आहे. त्यात येणाऱ्यांतले 20 आणि न येणाऱ्यांतले फक्त 9 पास होतात. धारक 29, त्यांतले कामाचे 20, म्हणजे शंभरात 69. हे प्रमाणपत्र असलेल्या दहा जणांना बोलावलं तर साधारण सात कामाचे निघतात. आधीच्यात चार निघत होते.

या हिशेबातली एक गोष्ट लपवण्यासारखी नाही. कडक परीक्षेत काम येणारे चार जणही मागे राहिले. म्हणून कडकपणाबरोबर पुन्हा बसण्याची संधी द्यावीच लागते, आणि ती लवकर द्यावी लागते. तीन महिन्यांनी फेरचाचणी झाली तर त्या चारांतले बहुतेक निघतात. ज्याला काम येत नाही त्याला मात्र तीन महिन्यांत खरोखर शिकावं लागतं, आणि तसं झालं तर सगळ्यांचाच फायदा आहे.

खूण मेली आहे हे ओळखायची दुसरीही एक पद्धत आहे. नोकरी देणारे अट वाढवू लागतात. दहावीच्या कामाला बारावी मागतात, बारावीच्या कामाला पदवी. काम तेच असतं, फक्त आधीचा कागद सगळ्यांकडे असल्याने त्याने गर्दी पातळ होत नाही. एमएस-सीआयटीचं काही ठिकाणी असंच झालं आहे. ते नसेल तर अर्ज बाद होतो, पण असल्याने खासगी नोकरीत कुणी पुढे जात नाही. 2023 च्या तलाठी भरतीत 4,600 च्या आसपास जागांसाठी 10 लाखांहून जास्त अर्ज आले होते. तिथे पदवी ही फक्त रांगेत उभं राहण्याची परवानगी होती. सरकारी भरतीत कागद ही कायद्याने ठरवलेली पात्रता असते, तिथे आमचं पुढचं म्हणणं लागू होत नाही. महावितरणच्या विद्युत सहायक पदाला आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र लागतं आणि लागणारच. आम्ही बोलतो आहोत ते एमआयडीसीतल्या, जिनिंगमधल्या, दालमिल आणि राईसमिलमधल्या नोकऱ्यांबद्दल, जिथे माणूस निवडायचं स्वातंत्र्य मालकाला असतं.

आमची मागणी अशी: राष्ट्रीय प्रमाणपत्र जसं आहे तसं राहू द्या आणि त्याला जोडून समितीने स्वतःचा एक कामाचा दाखला द्यावा. पास-नापास न लिहिता, कोणतं काम कितपत येतं हे त्यावर लिहावं.

चाचणीसाठी एकच काम पुरेसं आहे, पण ते नीट निवडलं पाहिजे. पाठांतर करणारा आणि समजून करणारा, हे दोघं जिथे वेगळे पडतात असं काम हवं. 10 एचपीच्या मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर जोडणं हे त्यासाठी योग्य आहे, कारण अशा मोटरी आपल्या प्रत्येक कारखान्यात आहेत.

उमेदवाराने आधी सप्लाय बंद करून टॅग लावायचा आणि 500 व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन तपासायचं. किमान एक मेगओहम हवं. मग मोटरची सहा टोकं मल्टिमीटरने ओळखून जोड्या लावायच्या. त्यानंतर मेन, स्टार आणि डेल्टा असे तीन कॉन्टॅक्टर आणि टायमर यांची जोडणी. इथे पहिली कसोटी लागते. स्टारच्या कॉइलमध्ये डेल्टाचा आणि डेल्टाच्या कॉइलमध्ये स्टारचा एनसी कॉन्टॅक्ट घातला नाही, तर दोन्ही एकदम ओढले जाऊन थेट शॉर्ट होतो. दुसरी कसोटी डेल्टाच्या क्रमाची. U1 ला W2, V1 ला U2 आणि W1 ला V2 असं जोडायचं असतं. क्रम चुकला तर मोटर स्टारमध्ये एका दिशेने सुरू होते आणि डेल्टात जाताना दचका मारून उलटी फिरू बघते, फ्यूज उडतात.

तिसरी कसोटी आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. ओव्हरलोड रिले कितीवर लावायचा? मोटरच्या प्लेटवर साधारण 14 अँपिअर लिहिलेलं असतं. रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, म्हणजे वाइंडिंगच्या वाटेवर बसवला असेल, तर डेल्टात त्यातून पूर्ण करंट जातच नाही. लाइन करंटच्या 58 टक्के जातो, म्हणजे सुमारे 8 अँपिअर. रिले 8 च्या आसपास लावायला हवा. पाठांतर केलेला पोरगा प्लेट वाचतो आणि 14 वर लावतो. मोटर सुरू होते, व्यवस्थित चालते, बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पुढे कधीतरी बेअरिंग जड होतं किंवा लोड वाढतो, करंट वाढत जातो, रिले ट्रिप होत नाही आणि वाइंडिंग जळतं. हंगामात मोटर जळणं म्हणजे काय हे जिनिंगवाल्यांना सांगायची गरज नाही. एका स्क्रूची सेटिंग आणि तिचं कारण विचारणारा एकच प्रश्न, पण लेखी परीक्षेच्या पन्नास प्रश्नांना जे दाखवता येत नाही ते तो दाखवतो.

शेवटी पंधरा मिनिटं दोष शोधायला. बोर्डाच्या मागे लपवलेले दहा स्विच ठेवायचे, प्रत्येक स्विच एक वेगळा दोष घालतो: एक फेज तुटणं, टायमरचा कॉन्टॅक्ट न लागणं, होल्डिंग सुटणं. कोणता दोष घालायचा ते त्याच वेळी चिठ्ठी काढून ठरवायचं. आदल्या दिवशी ठरवलं तर संध्याकाळपर्यंत वसतिगृहात कळलेलं असतं.

माणशी एक तास, दोन बोर्ड, 20 जणांची तुकडी. रोज सकाळी पाच तास धरले तर दोन दिवसांत संपतं. सामान बहुतेक संस्थेतच असतं. मोटर कारखान्याने काही दिवसांसाठी दिली तरी चालते. वेळ मात्र विचार करून ठरवा. एप्रिलचा दुसरा पंधरवडा आम्हाला योग्य वाटतो. सोयाबीन आणि कापसाची कामं संपलेली असतात, त्यामुळे गावाकडच्या पोरांची मजुरी बुडत नाही. जिनिंगचा हंगामही उतरलेला असतो, त्यामुळे कारखान्याचे इंजिनीअर मोकळे मिळतात. उन्हाचा विचार करून चाचणी सकाळी 7 ला सुरू करावी, आणि लांबच्या गावच्यांना दुसऱ्या पाळीत घ्यावं, म्हणजे पहिल्या एसटीने येऊन त्यांना पोहोचता येईल. फी एक रुपयाही नको. फी लावली की खर्चाचा फरक पुन्हा कुवतीऐवजी खिशावर गेला. एखाद्याचा लेखी विषय राहिला असेल किंवा दुसरं वर्ष अर्ध्यावर सुटलं असेल, तरी त्याला या चाचणीला बसू द्यावं. चांगल्या हाताच्या त्या मुलीसाठी हा दरवाजा उघडा राहिला पाहिजे.

तपासणारे दोघं असावेत, दोघंही दुसऱ्या तालुक्यातल्या कारखान्यांतले. समोर नाव नको, फक्त क्रमांक. दोघांनी आपापली नोंद वेगळी लिहावी आणि मग मिळवावी. फार फरक पडला तर ते काम पुन्हा करून घ्यावं. दाखल्यावर चार ओळी: इन्सुलेशन तपासणी, जोडणी, रिलेची सेटिंग, दोष शोधणं. प्रत्येकीपुढे तीनपैकी एक शेरा: एकट्याने आणि वेळेत केलं, थोड्या मदतीने केलं, जमलं नाही. याखाली एक ओळ अत्यंत गरजेची आहे: या तुकडीत किती जण बसले आणि प्रत्येक कामाला पहिला शेरा किती जणांना मिळाला. ही ओळ नसेल तर वाचणाऱ्याला कळत नाही की पहिला शेरा वीसपैकी सहांना मिळालाय की वीसच्या वीसांना.

असा दाखला खरंच उपयोगी पडतो का, याचा चांगला पुरावा दक्षिण आफ्रिकेतून मिळतो. जोहान्सबर्गमध्ये नोकरी शोधणाऱ्या तरुणांच्या चाचण्या घेऊन काहींना नावानिशी निकालाचा दाखला दिला. दुसऱ्या गटाला निकाल फक्त स्वतःपुरता कळवला, कुणाला दाखवता येईल असा कागद दिला नाही. 2022 मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात दाखला मिळालेल्यांचं नोकरीत असण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या अंकांनी वाढलं आणि कमाई सुमारे एक-तृतीयांशाने. ज्यांना फक्त खासगीत निकाल कळला, त्यांच्या नोकरीच्या प्रमाणात तशी वाढ झाली नाही. शिकवणं कुणालाच दिलं नव्हतं. फरक पडला तो दाखवता येण्यामुळे. आणि त्या दाखल्यावर सगळे हुशार असं लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक कौशल्यात खालचा, मधला की वरचा तिसरा हिस्सा, हे उघड लिहिलेलं होतं.

मर्यादाही सांगतो. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये शाळेची शेवटची परीक्षा जेमतेम पास झालेले आणि जेमतेम नापास झालेले यांच्या पुढच्या कमाईत क्लार्क आणि मार्टोरेल यांना फारसा फरक सापडला नाही. नोकरी देणाऱ्याला इतर वाटांनी माणूस कळत असेल तर एका कागदाचं वजन कमी होतं. कामावर सहा महिने बघितल्यावर तर कागद मागेच पडतो. आपल्याकडे अडचण अशी की बरीच पोरं ठेकेदारामार्फत जातात. त्यांचं काम ज्याने बघितलं तो कारखान्याचा इंजिनीअर, आणि पत्र देणार तो ठेकेदार, आणि तो बहुधा देतच नाही. सहा वर्षं मोटरी सांभाळणारा माणूस पुढच्या गेटवर पुन्हा नवखा ठरतो. म्हणून समितीतल्या कारखानदारांना आमची वेगळी विनंती आहे. ठेक्यावरचा माणूस सोडून जाताना त्याला कारखान्याच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र द्या. त्यात कोणत्या यंत्रावर, किती एचपीपर्यंत, एकट्याने की हाताखाली, आणि किती हंगाम, एवढं लिहा. ‘वर्तणूक समाधानकारक’ एवढ्या ओळीचा पुढच्या मालकाला काहीच उपयोग होत नाही.

बिघाड कुठे होईल तेही आधीच सांगतो. पहिल्या वर्षी वीसपैकी पाच-सहांनाच सगळे वरचे शेरे मिळतील आणि पालक, पुढारी, कधी प्राचार्यही म्हणतील की पोरांचं नुकसान कशाला करता. त्या वर्षी शेरे ढिले केले तर दाखला तिथेच संपला, कारण दोन-तीन कारखान्यांना एकदा फसवणूक जाणवली की पुढची पाच वर्षं ते तो उघडून बघत नाहीत. चाचणी घेणाऱ्या माणसाचा मोबदला किती जण पास झाले यावर कधीही बांधू नका. आणि कारखानदारांनीही आपली बाजू पाळावी. समितीच्या किमान तीन कारखान्यांनी आधीच लेखी द्यावं की चारही कामांत वरचा शेरा असलेल्याला ते थेट मुलाखतीला बोलावतील, मग गाव कुठलंही असो, मुलगा असो की मुलगी, राष्ट्रीय प्रमाणपत्राचा एक विषय बाकी असला तरीही. इलेक्ट्रिशियन मुलीच्या बाबतीत गेटवर आधीच शंका असते. ती शंका दूर करायला ‘रिलेची सेटिंग: एकट्याने, वेळेत’ ही ओळ शंभर शिफारशींपेक्षा जास्त कामाची आहे.

ज्यांचा एक विषय राहिलाय त्यांची यादी प्राचार्यांकडे असते. गेल्या तीन वर्षांतली नावं काढा आणि पुढच्या परीक्षेचा अर्ज त्यांच्याकडून भरून घ्या. अनेकांना परत बसता येतं हेच माहीत नसतं, किंवा अर्जाची तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर कळेपर्यंत निघून गेलेली असते. हे काम एका लिपिकाचं आणि एका आठवड्याचं आहे.

चाचणी सुरू झाल्यावर एक वही ठेवा. कामावर घेतलेल्या प्रत्येकाचे दाखल्यावरचे चार शेरे आणि तीन महिन्यांनी सुपरवायझरने दिलेलं मत, शेजारी शेजारी लिहीत चला. तीसेक नावं झाली की दोन्ही जुळतात का ते बघा. नावं थोडी आहेत आणि ज्यांना घेतलंच नाही त्यांचं काम आपल्याला दिसत नाही, त्यामुळे घाईने निष्कर्ष काढू नका. पण वरचे शेरे मिळालेले आणि न मिळालेले कामावर सारखेच निघत असतील, तर चाचणी बदलायची वेळ आली असं समजा. बहुधा दोषांच्या चिठ्ठ्या आधी फुटत असतील, किंवा तपासणारे तेच ते येत असतील. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन गोष्टी घ्याव्यात अशी विनंती आहे: एप्रिलच्या तारखा, मोटर आणि बोर्ड कोण देणार, आणि तपासायला कोणत्या तालुक्यातले दोघं येणार.

आपले,
विदर्भातील व्यावसायिक प्रशिक्षण आणि रोजगार या विषयांत काम करणारे काही जण